एका चार्जवर किती एकर? फवारणी पंपाची माहिती कशी लिहावी

पत्र : आमचं चिखली तालुक्यात कृषी सेवा केंद्र आहे. बाबांच्या जोडीला मी दुकान पाहते. आता 16 लिटरचा बॅटरीवरचा पाठपंप ऑनलाइनही विकायला सुरुवात केली आहे. कंपनीच्या कागदावर होतं तेच मी लिस्टिंगमध्ये टाकलं : ‘एका चार्जवर 25 टाक्या, 5 एकर फवारणी, सर्व सुटे भाग उपलब्ध.’ पंप गेले, पण फोन यायला लागले. कुणी म्हणतं एक एकरही होत नाही, कुणी म्हणतं टाकी 16 लिटरची नाहीच, कुणाला वॉशर मिळत नाही. दोन पंप परत आले, तपासले तर त्यांत काही बिघाड नव्हता. टाकी, क्षेत्र आणि सुटे भाग हे शेतकऱ्याला समजेल असं, पण खरं, कसं लिहायचं?
— एक वाचक, जि. बुलढाणा

उत्तर :

ताई, परत आलेले पंप धड निघाले यातच तुमच्या प्रश्नाचा बराचसा उलगडा आहे. पंप ठीक होता, लिहिलेले आकडे त्याचे नव्हते. कंपनीचा कागद बाजूला ठेवा आणि एक पंप उघडून दुकानाच्या मागच्या अंगणात स्वतः मोजमाप घ्या. एक सकाळ पुरते. लागतं काय, तर साधं पाणी, एक लिटरचं मापाचं भांडं, मोबाइलमधलं घड्याळ आणि पूर्ण चार्ज केलेली बॅटरी. पंप कोराच घ्या. औषध मारलेला पंप अंगणात चालवू नका.

आधी टाकी. मापाच्या भांड्याने एकेक लिटर ओतत टाकी भरा. तोंडावरच्या जाळीपर्यंत किती मावतं ते एकदा बघा आणि पंप पाठीवर घेऊन वाकल्यावर झाकणातून सांडणार नाही इतपत किती भरता येतं ते वेगळं बघा. कामाचा आकडा हा दुसरा. मग पंप चालवून टाकी संपवा. मोटर हवा ओढायला लागली की तळाशी थोडं पाणी उरलेलं दिसेल, तेही मोजून लिहून ठेवा. टाकीच्या अंगावर लिटरच्या खुणा असतील तर त्या तुमच्या मापाशी जुळतात का तेही याच वेळी कळेल.

याची एवढी काळजी का करायची? आपल्याकडे औषधाची मात्रा बहुतेक वेळा ‘10 लिटर पाण्याला इतके मिलि’ अशी सांगितली जाते. टाकी मात्र 16 किंवा 18 लिटरची असते, त्यामुळे शेतकरी प्रत्येक टाकीला मनातल्या मनात गुणाकार करतो. समजा 10 लिटरला 4 मिलि सांगितलंय. लिस्टिंगवर टाकी 18 लिटरची आहे म्हणून त्याने 7.2 मिलि औषध टाकलं. टाकीत प्रत्यक्षात पाणी बसलं 15 लिटर, म्हणजे हवं होतं 6 मिलि. प्रत्येक टाकीत औषध वीस टक्के जास्त गेलं. पैसा गेला तो गेलाच, वर पाठीवरचं ते पाणीही जास्त जहाल झालं. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. त्याची कारणं अनेक होती आणि टाकीचं माप हे त्यांतलं एक होतं असं मी म्हणत नाही. पण पंप विकणाऱ्याच्या हातात जेवढं आहे तेवढं त्याने चोख द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून ‘16 लिटर’ एवढ्यावर थांबू नका. ‘न सांडता 16 लिटर भरते, खाली साधारण पाव लिटर उरतं’ असं तुमच्या मोजणीप्रमाणे लिहा. शेजारीच भरलेल्या पंपाचं वजन द्या. 16 लिटर पाणी म्हणजे 16 किलो. त्यात बॅटरी, मोटर आणि टाकीचं वजन मिळवा. 5-6 किलोचा पंप असेल तर पाठीवर 21-22 किलो येतात. वयस्क माणसाला किंवा घरातल्या बाईला तो पंप उचलायचा असेल तर घेण्याआधी हा आकडा ठाऊक असायला हवा. लिस्टिंगवर तो सहसा नसतोच.

आता क्षेत्र. तुमची सगळी भांडणं इथून निघाली आहेत. पंपाला स्वतःचं असं क्षेत्र नसतं. किती एकर होईल हे तीन गोष्टींवर ठरतं : नोझलमधून मिनिटाला किती पाणी पडतं, माणूस किती वेगाने चालतो आणि एका वेळी किती रुंदीचा पट्टा भिजवतो. पहिली गोष्ट तुम्ही मोजू शकता, उरलेल्या दोन शेतकऱ्याच्या हातात आहेत. त्यामुळे मोजलेली गोष्ट ठामपणे लिहायची आणि उरलेल्या दोन कोणत्या धरल्या ते सांगून मगच क्षेत्र लिहायचं.

नोझलची मोजणी अशी. पंपासोबत येणारं एकेक नोझल लावा, लान्सचं तोंड मापाच्या भांड्यात धरा आणि बरोबर एक मिनिट चालवा. एकेरी नोझल, दुहेरी नोझल, चार छिद्रांचं नोझल, प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल. दाब कमी-जास्त करायचं बटण असेल तर ते पूर्ण फिरवून मोजा आणि तसं लिहूनही ठेवा. आता धरून चाला की तुमच्या एकेरी पोकळ शंकूच्या नोझलमधून मिनिटाला 800 मिलि पाणी पडलं. मग 16 लिटरची टाकी 20 मिनिटांत संपणार.

हा पंप सोयाबीनमध्ये नेऊ. ओळीत दीड फूट, म्हणजे 45 सेंटिमीटर अंतर आहे. माणूस एका फेरीत दोन ओळी घेतो, म्हणजे पट्टा झाला 90 सेंटिमीटरचा. काळ्या जमिनीत, पीक पायात येत असताना, तो मिनिटाला 30 मीटर चालतो असं धरू. मिनिटाला भिजलं 27 चौरस मीटर. टाकीच्या 20 मिनिटांत 540 चौरस मीटर. एक गुंठा सुमारे 101 चौरस मीटरचा, तेव्हा एका टाकीत झाले पाच गुंठ्यांहून किंचित जास्त. एकराला लागल्या साडेसात टाक्या, म्हणजे 120 लिटर पाणी, आणि नुसत्या फवारणीचे अडीच तास. टाक्या भरायला जाणारा वेळ त्यात धरलेला नाही.

हाच पंप, हाच माणूस, पण पीक दाटलेलं असलं की एकराला 200 लिटर पाणी द्यावं लागतं. मग एकराला टाक्या होतात साडेबारा आणि एका टाकीत जेमतेम सव्वातीन गुंठे. पंप तोच, तरी क्षेत्र पाचावरून सव्वातीनवर आलं. ‘5 एकर’ असा एकच आकडा लिहिला की कुणा ना कुणाच्या शेतात तो खोटा ठरणारच.

बॅटरी किती टिकते हेही तसंच मोजा. बॅटरी पूर्ण चार्ज करा, नोझल लावा, ट्रिगर दाबलेला राहील अशी त्याची कडी अडकवा आणि पाणी टाकीतून ड्रममध्ये, ड्रममधून पुन्हा टाकीत असं फिरवत राहा. फवारा बारीक पडायचा थांबून थेंब जाड पडायला लागले आणि पट्टा आखडला की वेळ लिहा. मोटर तरीही घरघरत राहील, पण त्यापुढचे थेंब पानावर नीट बसत नाहीत, तेव्हा तो वेळ धरायचा नाही. 12 व्होल्ट, 8 अँपिअर-अवरच्या साध्या बॅटरीवर समजा 2 तास 40 मिनिटं मिळाली. 20 मिनिटांची एक टाकी धरली तर झाल्या आठ टाक्या. वरच्या सोयाबीनमध्ये एक एकर होऊन थोडं उरेल. दाट पिकात अर्ध्या एकराच्या थोडं पुढे जाल आणि बॅटरी बसेल. तुम्हाला फोन करून ‘एक एकरही होत नाही’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नव्हता.

मग कागदावरच्या 25 टाक्या आल्या कुठून? तुमच्या कंपनीने काय मोजलं ते मी पाहिलेलं नाही, पण एक पडताळा तुम्हीच करा. मोटरवर लिहिलेला मिनिटाच्या लिटरचा आकडा उघड्या तोंडाचा असतो. नोझल काढून तीच मोटर चालवली आणि मिनिटाला 3 लिटर पाणी पडलं, तर टाकी पाच-सव्वापाच मिनिटांत रिकामी होते आणि तेवढ्याच बॅटरीवर टाक्यांचा आकडा सहज तिपटीच्या वर जातो. पण नोझल काढून कुणी पिकावर औषध मारत नाही.

इथे एक धोका आहे, तो लिस्टिंगमध्येच सांगून टाका. औषधाच्या लेबलवर एकरी किंवा हेक्टरी मात्रा असते आणि सोबत किती पाण्यातून द्यायची तेही असतं. लेबल म्हणतं एकरी 100 मिलि, 200 लिटर पाण्यातून. शेतकरी त्यावरून 10 लिटरला 5 मिलि असा हिशोब करतो आणि 16 लिटरच्या टाकीत 8 मिलि टाकतो. हिशोब बरोबर आहे. पण त्याने साडेसात टाक्यांतच एकर उरकला, तर शेतात औषध पडलं 60 मिलि. कीड मरत नाही, दोष औषधाला जातो, आणि पुढच्या वेळी तो टाकीत अंदाजाने दुप्पट ओततो. याला उपाय औषध दाट करणं हा नाही. चाल कमी करावी किंवा दुहेरी नोझल लावावं, म्हणजे लेबलवर सांगितलेलं पाणी पूर्ण पडतं. आणि शेतकऱ्याने पहिल्यांदा नुसत्या पाण्याने एक गुंठा फवारून किती लिटर लागले ते बघितलं, तर त्याला 40 ने गुणलं की त्याचा स्वतःचा एकरी आकडा त्याच्या हाती येतो. तुमच्या माझ्या आकड्यापेक्षा तो त्याच्या जास्त कामाचा.

‘सर्व सुटे भाग उपलब्ध’ हे वाक्य काढूनच टाका. ते वाचून शेतकऱ्याला कळायला हवं की डब्यात काय येतं, आधी काय झिजतं आणि ते कुठून आणायचं. त्यातलं काहीच कळत नाही. डब्यातल्या वस्तू ओळीने मांडून एकच फोटो काढा आणि खाली नावं लिहा, आपण दुकानात म्हणतो तीच. लान्स, ट्रिगर, नळी, नोझल, जाळी, पट्टे, चार्जर, आणि जादा वॉशरची पुडी दिली असेल तर तीही. जे येत नाही ते येत नाही असंही लिहा.

झिजणारे भाग फार नाहीत. सगळ्यांत आधी जातात ट्रिगरमधली आणि लान्सच्या जोडावरची रबरी वॉशरं. ट्रिगर सोडल्यावरही नोझल टिपकत राहिलं किंवा मुठीवर ओल आली की ती बदलायची. हात औषधाने भिजतो तो इथेच, म्हणून पुडी आधीच मागवून ठेवावी. मग नोझल. ते झिजतं तेव्हा बंद पडत नाही, उलट जास्त पाणी सोडतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही लिस्टिंगमध्ये नव्या नोझलचा मिनिटाचा आकडा दिला असेल, तर शेतकरी हंगामाच्या सुरुवातीला भांडं धरून मोजू शकतो. 800 चे 880 झाले, म्हणजे दहा टक्के वाढले, की नवं नोझल. छिद्रात तार किंवा टाचणी घालून साफ करू नये, छिद्र मोठं होतं. जुना दात घासायचा ब्रश आणि पाणी पुरतं.

मोटर चालते पण पाणी येत नाही असा फोन आला, तर मोटर बदलायला सांगण्याआधी टाकीच्या तळाची जाळी साफ करायला आणि आतली ओढनळी घट्ट बसली आहे का ते बघायला सांगा. बऱ्याच वेळा काम तिथेच होतं. तरीही पाणी आलं नाही तर मोटरच्या तोंडाशी असलेला डायफ्राम आणि व्हॉल्व्हचा संच बघावा लागतो. तो तुमच्याकडे सुटा मिळतो की पूर्ण मोटरच घ्यावी लागते, हे स्पष्ट लिहा, कारण दोन्हींच्या भावात मोठा फरक पडतो. फवारताना मोटर टकटक करत सारखी चालू-बंद होत असेल, तर नोझल चोंदलं आहे का ते आधी पाहायचं आणि मग दाबाने बंद होणारं ऑटो-कटचं बटण.

बॅटरी आणि चार्जरबद्दल मात्र एक वाक्य ठळक अक्षरात हवं. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचा चार्जर आणि लिथियम बॅटरीचा चार्जर एकमेकांना लावायचा नाही. दोन्हींवर ‘12 व्होल्ट’ लिहिलेलं असतं आणि कधी पिनही तीच बसते, पण लेड-ॲसिडचा चार्जर 14 व्होल्टच्या वर जातो आणि तीन सेलचा लिथियम पॅक 12.6 व्होल्टलाच भरतो. अशा चार्जिंगने पॅक फुगू शकतो, पेटूही शकतो. तेव्हा तुमच्या पंपात कोणती बॅटरी आहे, किती अँपिअर-अवरची, आणि कोणता चार्जर चालतो हे लिहा. लेड-ॲसिड असेल तर हंगाम संपल्यावर बॅटरी भरून ठेवा आणि मधूनमधून चार्ज करा हेही जोडा. रिकामी बॅटरी महिनोनमहिने गोदामात पडली की पुढच्या जूनमध्ये ती धड चार्ज होत नाही, आणि वॉरंटीवरून वाद तेव्हाच होतात. वॉरंटी कशावर आहे, कशावर नाही, किती महिने, आणि दुरुस्ती तुम्ही करणार की कंपनी, हे चारही सांगा.

एक कायद्याची बाब. ऑनलाइन विकताना कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं, आणि तक्रारीसाठी संपर्क, हे वैधमापनशास्त्राच्या 2011 च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे लिस्टिंगवर दिसावं लागतं. ते खोक्यावर छापलेलं असतं, तिथून जसंच्या तसं उतरवा.

वरच्या समजा धरलेल्या आकड्यांवर तुमची लिस्टिंग साधारण अशी होईल. आकडे माझे ठेवू नका, तुमच्या अंगणातले घाला.

बॅटरीवरचा फवारणी पंप, 16 लिटर. टाकी न सांडता 16 लिटर भरते, तळाशी साधारण पाव लिटर उरतं. भरलेला पंप 22 किलो. औषधाचं माप 10 लिटरला सांगितलं असेल तर या टाकीला त्याच्या 1.6 पट घ्या : 10 लिटरला 5 मिलि असेल तर टाकीला 8 मिलि.

किती क्षेत्र होतं : एकेरी नोझलने मिनिटाला 800 मिलि पाणी पडतं, टाकी 20 मिनिटं चालते. दीड फुटी ओळीचं सोयाबीन, दोन ओळी एका वेळी, सावकाश चाल असेल तर एका टाकीत 5 गुंठे, एकराला साडेसात टाक्या. पीक दाट असून एकरी 200 लिटर पाणी द्यायचं असेल तर एकराला साडेबारा टाक्या. पूर्ण चार्जवर आठ टाक्या. हे आकडे आम्ही दुकानात नव्या बॅटरीवर, नोझल लावून मोजले आहेत. बॅटरी जुनी होईल तशा टाक्या कमी होतील. लेबलवर सांगितलेलं पाणी तुमच्या चालीने पडतं का, ते आधी एक गुंठा साध्या पाण्याने फवारून बघा.

डब्यात येतं : लान्स, ट्रिगर, दीड मीटर नळी, एकेरी, दुहेरी आणि चार छिद्रांचं नोझल, जाळी, पट्टे, चार्जर, वॉशरची एक पुडी. हातमोजे, मास्क येत नाहीत.

आमच्याकडे सुटे मिळतात : वॉशर पुडी, नोझल, ट्रिगर, नळी, डायफ्राम संच, ऑटो-कट बटण, चार्जर, बॅटरी. भाव फोटोखाली आहेत. भाग मागवताना जुन्या भागाचा पट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो पाठवा.

बॅटरी : लेड-ॲसिड, 12 व्होल्ट 8 अँपिअर-अवर. लिथियमचा चार्जर लावू नका. तणनाशकासाठी वेगळा पंप ठेवा.

शेवटची ओळ मी मुद्दाम घातली. कपाशीला 2,4-डी फारच लवकर लागतं. टाकीत, नळीत राहिलेल्या थोड्याशा अंशानेही पानं आकसून चिंचोळी होतात, आणि तेव्हाही दोष पंपाला आणि दुकानाला येतो.

पंप परत केलेल्या दोघांना एकदा स्वतः फोन करा. कोणतं पीक, ओळीत अंतर किती, कोणतं नोझल लावलं होतं आणि किती टाक्यांत बॅटरी बसली, एवढं विचारा. त्यांचा आकडा तुमच्या मोजणीच्या आसपास आला तर लिस्टिंग तशीच ठेवा. फारच कमी आला तर तो पंप त्यांच्या नोझलसकट पुन्हा अंगणात लावा आणि आधी बॅटरी तपासा.